आधी मागणं, मग गाऱ्हाणं

डिसेंबर २०२१ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’ सुरू झालं आणि घराघरांत मूल्यांकनतज्ज्ञ तयार झाले. टीव्हीवर कुणी तरी ‘पन्नास लाख, एक टक्का इक्विटीसाठी’ म्हणतो आणि आमटीत भाकरी कुस्करणारे आजोबा ‘म्हणजे ही कंपनी पन्नास कोटींची? ही?’ असं विचारून मोकळे होतात. आजोबांचा हिशेब बिनचूक असतो आणि शंका तर त्याहून बिनचूक. गंमत अशी, की ज्या वाक्यावर आजोबा घास थांबवतात, त्या वाक्यावर कंपनीच्या संस्थापकाने सगळ्यांत कमी वेळ घालवलेला असतो. पिचचा क्रम आता पाठ झालेला आहे : समस्या, उपाय, बाजारपेठ, आजवरची प्रगती म्हणजे ट्रॅक्शन, आणि शेवटी मागणी. संस्थापक लिहायलाही याच क्रमाने बसतो. समस्येच्या पानावर तो दोन आठवडे काढतो, कारण तिथे चांगला फोटो लागतो. मागणीच्या पानापर्यंत पोचतो तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि सादरीकरण सकाळी अकराला. मग तो ‘आम्ही २ कोटी उभारत आहोत’ असं लिहून खाली एक गोल काढतो : ४० टक्के उत्पादनावर, ३० टक्के मार्केटिंगवर, २० टक्के माणसांवर, १० टक्के इतर. हा गोल ड्रोनच्या कंपनीलाही चालतो आणि खाकऱ्याच्या कंपनीलाही. सगळ्यांना बसणारे कपडे इस्पितळात देतात, आणि तेही कुणी हौसेने घालत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की सांगण्याचा क्रम काहीही असो, लिहिण्याचा क्रम उलटा असावा. आधी मागणी लिहावी आणि मग तिच्या जोरावर बाकीची चार पानं तपासावीत. कारण मागणी म्हणजे नुसती रक्कम नव्हे. तिच्यात तीन गोष्टी असतात : किती पैसे, किती महिने, आणि ते महिने संपतील तेव्हा कंपनी कुठे उभी असेल. यांतली तिसरी गोष्ट गाळली, की उरते ती वर्गणी. एअरबीएनबीचा सुरुवातीच्या दिवसांतला म्हणून जो डेक जगभर फिरतो, तो दिसायला अगदी साधा आहे. पण त्याच्या पैशांच्या पानावर तिन्ही गोष्टी आहेत : ५ लाख डॉलर, १२ महिने, ८० हजार व्यवहार. व्यवहारामागे सरासरी २५ डॉलर शुल्क, म्हणजे २० लाख डॉलर उत्पन्न. हे आकडे खरे ठरतील की नाही ते देव जाणे, पण ते खोटे ठरवता येतील असे आहेत, आणि गुंतवणूकदाराला बोलायला तेवढं पुरतं. ‘इतर १० टक्के’शी भांडण करता येत नाही.

एक उदाहरण घेऊन हे मांडतो. उदाहरण काल्पनिक आहे, पण पुण्याच्या वाकड-वाघोलीकडच्या वाचकांना ते काल्पनिक वाटणार नाही. समजा, दोन तरुण टँकरचं पाणी मोजणारं यंत्र विकतात. टँकरवाला दहा हजार लिटर सांगतो. खरोखर किती ओतलं ते यंत्र सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मोबाइलवर दाखवतं. महिना १,५०० रुपये शुल्क. आज २० सोसायट्या पैसे देतात. आता मागणी बांधायची. महिन्याचा पगार, भाडं, पेट्रोल मिळून खर्च ५ लाख. सोसायट्या ४०० झाल्या तर महिन्याला ६ लाख येतील आणि कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहील. तिथे पोचायला १८ महिने लागतील असं धरू. म्हणजे १८ गुणिले ५, ९० लाख. एक यंत्र बसवायला १८ हजार पडतात, सोसायटी अनामत म्हणून ८ हजार देते, उरलेले १० हजार कंपनीच्या खिशातून. ३८० नव्या सोसायट्यांचे ३८ लाख. एकूण १ कोटी २८ लाख. वरचे दोन लाख टँकरची धडक बसून यंत्रं मोडतील त्यासाठी धरू, आणि मागू १ कोटी ३० लाख. दरम्यान जी वसुली होईल ती हिशेबात धरलेली नाही, कारण सोसायटीकडून वसुली हा प्रकार ज्याला माहीत आहे तो ती धरणार नाही. या परिच्छेदात गोल काढायची गरज पडली नाही, हे लक्षात घ्यावं.

आता ही मागणी हातात घेऊन ट्रॅक्शनच्या पानाकडे जाऊ. तिथे चढता आलेख आहे. तो तिथे असतोच. खाली लिहिलेलं असतं, ‘आजवर बसवलेली यंत्रं’. हा ‘आजवर’ मोठा धूर्त आहे. एकत्रित बेरजेचा आलेख कधीच खाली येत नाही. कंपनी बंद पडली तरी तो फक्त आडवा होतो, आणि आडवा झालेला आलेख शेवटचे सहा महिने कापून दाखवता येतो. म्हणून दुसरा आलेख मागावा : त्या त्या महिन्यात पैसे दिलेल्या सोसायट्या. आपल्या कंपनीचा हा आलेख काढला तर काय दिसतं? समजा, मे महिन्यात ३० सोसायट्या आणि ऑगस्टमध्ये १२. कारण सांगायला जलतज्ज्ञ नको. पाऊस पडला, टँकर थांबले, सेक्रेटरीने विचारलं, ‘आता याचे पैसे कशाला?’ हिवाळ्यात आकडा परत २० झाला. संस्थापक म्हणेल, ऑगस्ट हा अपवाद. पण ऑगस्ट दर वर्षी येतो. ४०० सोसायट्यांपैकी पावसाळ्यात याच प्रमाणात १६० उरल्या, तर महिन्याला ६ लाखांऐवजी २ लाख ४० हजार येतील, खर्च ५ लाखच राहील, आणि चार पावसाळी महिने दरमहा २ लाख ६० हजारांचं भगदाड पडेल. म्हणजे १८ महिन्यांनी पायावर उभं राहण्याची जी गोष्ट आपण मागणीत सांगितली, तिचे पाय जुलैत भिजतात. आलेखातली ही एक बुटकी दांडी झाकायचा मोह सगळ्यांना होतो. पण पाच पानांपैकी कुठल्या पानाला डागडुजी हवी ते तीच सांगते.

डागडुजी दोन प्रकारे होईल. एक म्हणजे महापालिकेच्या नळाला आणि बोअरलाही यंत्र बसवायचं, म्हणजे बारा महिने उपयोग. पण त्याने यंत्राचा खर्च वाढतो आणि मागणीही. दुसरी गोष्ट फुकट आहे : महिन्याऐवजी वर्षाचे पैसे आगाऊ घ्यायचे, १८ हजारांऐवजी सवलतीत १५ हजार, आणि ते मार्चमध्ये घ्यायचे, जेव्हा पाण्याची भीती ताजी असते. ४०० सोसायट्यांचे वर्षाला ६० लाख, म्हणजे महिन्याला ५ लाख. खर्चाला बरोब्बर पुरतात. एवढं ठरलं की ट्रॅक्शनच्या पानावर काय हवं तेही आपोआप ठरतं. आलेख नको, आठ हजार डाउनलोड नकोत, ‘अमुक बिल्डरशी बोलणी चालू आहेत’ तर नकोच. बोलणी पुण्यात कुणाशी चालू नसतात? हवी फक्त एक ओळ : ‘२० पैकी ७ सोसायट्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ दिले आहेत.’ सात हा आकडा लहान आहे. पण ते सातही सोसायटीच्या कमिटीतून मंजूर होऊन आलेले आहेत, आणि ज्याने तशी एक बैठक पाहिली आहे तो त्याला लहान म्हणणार नाही.

यावर एक हरकत येते : सुरुवातीलाच इतका हिशेब केला तर समस्येच्या पानातली कळकळ जाईल. जाऊ दे. समस्येच्या पानावरची कळकळ बहुतेक वेळा पृथ्वीच्या वाट्याला येते. पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याखाली असूनही मानव तहानलेला कसा, अशी सुरुवात होते, शेजारी भेगाळलेल्या जमिनीचा तोच तो फोटो, आणि वाकडच्या सोसायटीपर्यंत यायला तीन पानं लागतात. खरं तर समस्या शोधायची तर बिलापासून सुरुवात करावी. समजा १२० घरांची सोसायटी आहे, रोज पाच टँकर, टँकरला हजार रुपये. महिन्याचे दीड लाख. त्यात १५ टक्के पाणी कमी येत असेल तर २२,५०० रुपये बुडतात. १,५०० रुपयांत २२,५०० वाचतात, म्हणजे विक्री झालीच, असं संस्थापकाला वाटतं. पण ते १२० घरांत वाटले तर घरटी १८७ रुपये होतात, आणि १८७ रुपयांसाठी कुणाचीही झोप उडत नाही. झोप उडते ती सेक्रेटरीची. कारण १२० घरांपैकी निदान चाळीस घरांना खात्री असते, की टँकरवाल्याचं आणि याचं काहीतरी आहे. बिनपगारी काम, वर संशय. त्याला पाणी नको आहे, त्याला पुरावा हवा आहे, आणि सर्वसाधारण सभेत तो वर धरून दाखवायचा आहे. हे कळलं की समस्या एका वाक्यात मावते आणि उपायाचं पानही हलकं होतं. यंत्राच्या पोटात कुठलं तंत्रज्ञान आहे याची लांबलचक आरती ओवाळण्याऐवजी ‘प्रत्येक टँकरची पावती सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर’ एवढंच लिहिता येतं.

मात्र उपायाच्या पानावर एक गोष्ट लिहावी, जी सहसा कुणी लिहीत नाही : हे कुठे फसतं. टँकरच्या नळीतून पाणी नुसत्या उतारावर वाहतं, नळी पूर्ण भरलेली नसते, आणि पाण्याबरोबर हवाही येते. साधा फिरत्या पात्याचा मीटर हवेलाही पाणी समजून मोजतो. म्हणजे टँकरवाल्याने हवा विकली आणि आपणच त्याला दाखला दिला. म्हणून टाकीतली पातळी मोजावी लागते, आणि त्याच वेळी वरचा पंप चालू असेल तर तोही हिशेबात धरावा लागतो. हे दोन ओळींत लिहिलं तर दुबळेपणा दिसेल, अशी भीती वाटते. होतं उलटंच. ज्याने खरोखर तीस टाक्यांत डोकावून पाहिलं आहे, त्यालाच हे माहीत असतं.

बाजारपेठेचं पान हे पिचमधलं सगळ्यांत विनोदी पान, आणि ते तसं लिहिलेलं नसतं हाच विनोद. त्यावर तीन वर्तुळं असतात. मोठ्यात जगाचा जलव्यवसाय, अब्जावधी डॉलरांचा. मधल्यात भारत. आतल्यात ‘फक्त एक टक्का’. हा एक टक्का फार नम्रपणे उच्चारला जातो, जणू उरलेले नव्व्याण्णव आपण गरिबांना सोडून दिले. पण त्या एक टक्क्यातल्या एकाही गिऱ्हाइकाचा पत्ता संस्थापकाकडे नसतो. खालून वर मोजलं तर पत्त्यांपासूनच सुरुवात होते. समजा या दोघांनी टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांची यादी केली, ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ३,००० निघाली. गुणिले १५ हजार, वर्षाला साडेचार कोटी. अब्जावधी डॉलरांवरून एकदम साडेचार कोटी रुपये. संस्थापकाचा चेहरा पडतो आणि तो परत वर्तुळांकडे वळतो. इथेच थांबून विचार करायला हवा, कारण हा आकडा लहान आहे की मोठा, ते पैसे कुणाकडे मागतो यावर अवलंबून आहे. १०० कोटींचा फंड चालवणाऱ्याला माहीत असतं, की त्याच्या बहुतेक कंपन्या बुडणार. म्हणून उरलेल्यांतल्या एकीने सगळा फंड परत द्यावा, या हिशेबाने तो निवड करतो. आज १ कोटी ३० लाखांसाठी घेतलेले १३ टक्के पुढच्या फेऱ्यांत पातळ होऊन ८ राहिले, तर ८ टक्क्यांतून १०० कोटी निघायला कंपनी १,२५० कोटींची व्हावी लागेल. अख्खं पुणं काबीज केलं आणि उत्पन्नाच्या दहापट किंमत आली, तरी ती ४५ कोटींची. तो नाही म्हणतो तेव्हा तो दुष्ट नसतो, त्याचा भागाकार झालेला असतो. पण हेच पैसे दहा-दहा लाख घालणाऱ्या तेरा माणसांकडून घेतले, आणि अर्धं पुणं मिळालं, तर त्यांचे पैसे दुपटीवर जातात. त्यांना मोह पडायला दुप्पट कमी आहे, हे खरं. त्यासाठी बंगळूरुबद्दल एक प्रामाणिक ओळ लागेल. पण जगाच्या जलव्यवसायाची लागणार नाही.

आता सगळ्यांत वजनदार हरकत. लोक म्हणतात, हे सगळं ठीक आहे, पण गुंतवणूकदार शेवटी माणसं पाहतो, पानं नाही. आणि पानं पाहून तर तो हमखास चुकतो. पुरावा म्हणून परत एअरबीएनबीच पुढे केली जाते. २००८ च्या जूनमध्ये तिच्या संस्थापकांची ओळख सात नामांकित गुंतवणूकदारांशी करून देण्यात आली. ते दीड लाख डॉलर मागत होते, १५ लाखांच्या मूल्यांकनावर. म्हणजे दहा टक्के. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. संस्थापकांपैकी एक, ब्रायन चेस्की, यांनी २०१५ मध्ये ती पत्रं नावं झाकून प्रसिद्ध केली. नकार देणाऱ्यांतल्या एकाला बाजारपेठ पुरेशी मोठी वाटली नव्हती. त्या नकारांनंतर २००८ मध्येच अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत या मंडळींनी ओबामा आणि मॅकेन यांच्या नावांचे न्याहारीच्या धान्याचे खोके ४० डॉलरला एक या भावाने विकून सुमारे तीस हजार डॉलर उभे केले, आणि गुंतवणूकदार पॉल ग्रॅहम यांच्यावर छाप पडली ती त्या खोक्यांची. डिसेंबर २०२० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली ती ६८ डॉलरला एक शेअर या भावाने. तेव्हा डेक गेला उडत, असं म्हणायचा मोह होतो.

पण नीट पाहिलं तर ही गोष्ट दुसऱ्याच बाजूने बोलते. बाजारपेठ लहान म्हणणारा गृहस्थ चुकला, पण तो बरोबर जागेवर चुकला : त्याने आपल्या फंडाचा भागाकार केला आणि हवेच्या गाद्यांवर झोपणारे प्रवासी किती असतील याचा अंदाज चुकवला. तो अंदाज चुकवता आला, कारण तेव्हा ट्रॅक्शनच्या पानावर सांगण्यासारखं थोडंच होतं. आणि धान्याच्या खोक्यांनी तरी काय सिद्ध केलं? ही माणसं पैसे नसताना काय करतात, ते. म्हणजे तेही ट्रॅक्शनच, फक्त धंदा वेगळा. माणसं पाहतात हे खरं आहे, पण अर्ध्या तासाच्या भेटीत माणूस दिसतो कशातून? ऑगस्टबद्दल विचारल्यावर तो काय म्हणतो यातून. शिवाय ती भेट व्हायच्या आधी डेक एकटाच प्रवास करून आलेला असतो. डॉकसेंड या कंपनीने २०१५ मध्ये सुमारे दोनशे डेकांचा मागोवा घेतला, तेव्हा वाचणारा एका डेकवर सरासरी ३ मिनिटं ४४ सेकंद घालवतो असं दिसलं, आणि त्याची नजर सगळ्यांत जास्त रेंगाळली ती पैशांच्या पानांवर. म्हणजे आमटी-भाकरीवाले आजोबा आणि व्यावसायिक गुंतवणूकदार यांची नजर एकाच ठिकाणी थांबते. भेगाळलेल्या जमिनीच्या वाट्याला काही सेकंदच येतात.

राहता राहिले टक्के. १ कोटी ३० लाखांसाठी १३ टक्के म्हटलं की कंपनी १० कोटींची झाली, पण पैसे आत आल्यानंतर. समोरच्याने ‘१० कोटी मान्य’ म्हटलं तर आधीचे की नंतरचे, ते त्याच क्षणी विचारावं. आधीचे १० कोटी असतील तर नंतरचे ११ कोटी ३० लाख होतात आणि द्यावे लागतात साडेअकरा टक्के. दीड टक्क्याचा हा फरक चहा येईपर्यंत विसरला जातो आणि करारात आठवतो. आणि एक तयारी हवी. समोरचा हमखास म्हणेल, ‘सध्या पन्नास लाख घ्या, बाकीचं पावसाळ्यानंतर बघू.’ अशा वेळी संस्थापक दुखावतो किंवा लगेच हो म्हणतो, दोन्ही हिशेबाशिवाय. पन्नास लाखांची वेगळी मांडणी खिशात असावी : माणसं निम्मी, महिन्याचा खर्च अडीच लाख, बारा महिन्यांचे ३० लाख, २०० यंत्रांचे २० लाख. वर्षअखेर २२० सोसायट्या, आगाऊ शुल्काचे ३३ लाख, म्हणजे महिन्याला पावणेतीन लाख. खर्च भागून पाव लाख उरतात. ही मांडणी दाखवली, की गुंतवणूकदार चष्मा काढून विचारतो, ‘मग एक कोटी तीस लाख कशाला हवे होते?’ या प्रश्नाला डेकमध्ये पान नसतं. दुसरं कुणी तरी तीच यादी घेऊन फिरतं आहे आणि ४०० सोसायट्या आधी गाठणाराच टिकेल, असं दाखवता आलं तर दाखवावं. नाही आलं, तर पन्नास लाख घेऊन निघावं. आठ टक्के वाचले.